जुलैतला पन्हाळा–पावनखिंड: बुटात मोजे कोणते? (टाचेचे फोड, घाम, ओले पाय)

रंकाळाकाठ

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पन्हाळा ते पावनखिंड करायचंय, दोन दिवसांत. बूट घोट्यापर्यंतचे आहेत, आत वॉटरप्रूफ पडदा असलेले. तीन आठवडे वापरून झालेत. मोज्यांचं काही ठरेना, म्हणून रविवारी जोतिबाच्या चढावर दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून चाललो. डाव्या पायात साधा सुती, शाळेच्या गणवेशावर असतो तसा. उजव्यात मेरिनोचा, लेबलवर ६२ टक्के मेरिनो लोकर, ३५ टक्के नायलॉन आणि ३ टक्के इलास्टेन. पाऊस नव्हता, तीन तास चाल झाली. निघण्याआधी आणि आल्यावर दोन्ही मोजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले.

सुती मोजा २६ ग्रॅमचा ३५ झाला. मेरिनोचा ३४ चा ४२.

म्हणजे एकानं ९ ग्रॅम घाम प्यायला, दुसऱ्यानं ८. फरक नाहीच म्हणा ना. पण डाव्या टाचेला रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग पडला, चुरचुरतोय. उजवी टाच स्वच्छ. घाम जर सारखाच, तर फोड एकीकडेच का? सुती जोडी साठ रुपयांची, ही नऊशेची. वरचे पैसे नक्की कशाचे?

भुदरगडचा_भावा

भावा, एवढं तोलत बसायची गरज न्हाई. दोन मोजे घालायचे एकावर एक, विषय संपला. घासायचं ते मोज्याला मोजा घासतंय, कातडं सुटतंय. आमच्याकडं सगळी असंच जात्यात.

सुताची_गाठ (इचलकरंजी)

रंकाळाकाठ, तोललंत हे फार चांगलं केलंत. आता आकडा वाचू. मोज्यानं किती पाणी घेतलं हे काटा सांगतो, ते पाणी मोज्यात कुठे बसलंय हे सांगत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या 'कुठे'मध्ये आहे.

सूत पाणी घेतं ते धाग्यातही आणि धाग्यांच्या मधल्या फटींतही. ओलं झालं की मऊ पडून चपटं होतं, फुगवटा जातो आणि कापड कातडीला चिकटतं. पावसात भिजलेला सुती सदरा पाठीला कसा चिकटतो ते आठवा. टाचेला तेच होतं, फक्त बुटात दिसत नाही. लोकरीचा धागा बाष्प स्वतःच्या पोटात घेतो, आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं. तरी हाताला तो ओला लागत नाही, आणि त्याचे मूळचे कुरळे वेढे ओलेपणातही बऱ्यापैकी उभे राहतात. तुमच्या मोज्यात लोकर ६२ टक्केच आहे, त्यामुळे आठही ग्रॅम धाग्याच्या आत नसणार, थोडं विणीत राहिलं असेल. पण कातडीला टेकलेलं पाणी डावीकडे जास्त होतं, एवढं नक्की.

फोड वरच्या घासण्यानं होतो असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे ओली कातडी मोज्याला चिकटून बसते, आतलं टाचेचं हाड मात्र प्रत्येक पावलाला मागेपुढे सरकतं. मधल्या कातडीची ओढाताण होते. काही हजार पावलांनी कातडीच्या आतला एक थर फाटतो आणि त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणून फोडाचं पाणी वरच्या शाबूत कातडीखाली असतं. नुसती वरून घासली असती तर सोलली असती, फुगली नसती.

मोजा पुन्हा घालायच्या आत एक बघा. सुती मोज्याच्या टाचेची शिवण आता कुठे आली आहे? बहुधा तळव्याकडे घसरलेली सापडेल आणि टाचेवर आडव्या चुण्या पडलेल्या असतील.

रंकाळाकाठ

पाहिलं. शिवण बोटभर खाली आलीय, दोन चुण्याही आहेत. लाल डाग नेमका वरच्या चुणीवर.

मसाईची_वाट

भुदरगडच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. दोन मोज्यांची युक्ती जुनी आणि खरी आहे, पण दोन्ही सुती घातले तर ओले झाल्यावर ते एकमेकांनाच चिकटतात आणि मिळून एक जाड मोजा होतो. सरकायला हवं ते सरकतच नाही. आतला मोजा पातळ, गुळगुळीत, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा आणि पायाला घट्ट बसणारा हवा. बाहेरचा लोकरीचा किंवा मिश्र. मग ओढाताण या दोघांच्या मधे होते.

दुसरी अट बुटाची. दोन मोजे घालून बुटात जागा उरली पाहिजे. बूट आधीच मापाचा असेल तर दुसऱ्या मोज्यानं चवडा आवळला जातो, बोटं एकमेकांवर चढतात आणि टाच वाचवायला जाऊन करंगळी जाते. तपासायची रीत सोपी आहे. नाडी सोडा, दोन्ही मोजे घालून पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकवा. टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. हे संध्याकाळी करायचं, दिवसभरात पाय सुजून मोठा झालेला असतो.

भुदरगडचा_भावा

मग आमचं चुकत हुतं म्हणा की. दोन सुतीच घालायचो. पर फोड कमी यायचं हे बी खरं हाय.

मसाईची_वाट

येत असतील कमी. बूट सैल असेल तर दुसऱ्या मोज्यानं पोकळी भरते आणि टाच उचलायची थांबते. गुण कापडाचा नव्हे, जाडीचा. ते काम जाड इनसोलनंही होतं.

गारगोटीची_उषा

मावळे वहाणा घालून, नाहीतर अनवाणी याच वाटेनं गेले. १६६० च्या जुलैत, भर पावसात, रात्रीचे. मोज्यांवर एवढा खल बघून गंमत वाटली. वाटेवरच्या वाड्यांतली माणसं आजही रबरी चप्पल घालून पठार ओलांडतात, त्यांना फोड येत नाहीत.

सुताची_गाठ

ताई, टोमणा मान्य, पण त्यात उत्तरही आहे. उघड्या पायाला बंद बूटच नाही, त्यामुळे टाच चारी बाजूंनी धरून ओढणारं काही नाही. घाम उडून जातो, पाऊस आला तर वाहून जातो. आणि वर्षानुवर्षं चालून तळव्याची कातडी जाड झालेली असते. शहरातला पाय एका आठवड्यात तसा होत नाही. नवी कोल्हापुरी चप्पल मात्र अंगठ्यापाशी चावतेच, तेव्हा पट्ट्याला तेल लावतात. तिथेही ओढाताणच कमी करायची असते.

रंकाळाकाठ

धाग्यावर राहू या. पठारावर सबंध दिवस पाऊस असेल. बूट वॉटरप्रूफ आहेत म्हणजे पाय कोरडे राहतील असं धरू का?

मसाईची_वाट

धरू नका. पन्हाळ्याहून म्हाळुंगे सोडून मसाई पठारावर चढलात की गुडघाभर ओलं गवत आणि लाल चिखल. पाणी बुटाच्या चामड्यातून येत नाही, पायावरून ओघळत वरच्या तोंडातून आत येतं. पुढे ओढे आहेत, भातखाचरांचे बांध आहेत, एखादं पाऊल घोट्याच्या वर बुडतंच. पडदा बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तसाच आत शिरलेलं बाहेरही जाऊ देत नाही. बूट म्हणजे बादली होते. पाऊल टाकताना आत पचपच आवाज आला की समजा.

माझं मत असं की या वाटेला जुलैत जाळीचे, पाणी गळून जाणारे, पकड असलेले बूट बरे. पण तुमच्याकडे आहेत ते आहेत. मग पावसाळी पँट बुटाच्या आत खोचू नका, बाहेरून सोडा, म्हणजे ओघळ बाहेर पडेल. वर गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पिंढरीपर्यंत बांधायचं कापडी आवरण, बांधता आला तर उत्तम. त्यानं पाणी कमी होतं, आणि मुख्य म्हणजे लाल मातीची बारीक रेती आत जात नाही. मोज्याच्या विणीत बसलेली रेती म्हणजे पॉलिश पेपर. तिथे मेरिनोही काही करू शकत नाही.

अंबाबाईचा_भक्त७१

बुटात जाण्याआधी मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवायची. दुधाची धुतलेली पिशवीही चालते. पाय कोरडे.

सुताची_गाठ

काका, पावसापासून कोरडे राहतील, घामापासून नाही. जोतिबाच्या तीन तासांत एका पायाच्या मोज्यात ८–९ ग्रॅम दिसले, तेही जे मोज्यात उरलं तेवढंच. काही उडून गेलं, काही इनसोलमध्ये गेलं. पिशवीत ते सगळं आतच राहील. शिवाय पिशवी गुळगुळीत, पाय आत सरकत राहतो. कडाक्याच्या थंडीत बर्फावर लोक हा उपाय करतात, तिथे घाम कमी आणि ऊब हवी असते. आपल्याकडच्या जुलैत नको.

निळा_छत्री

मी मुद्दाम वाचतोय कारण माझे तळपाय बाराही महिने घामेजतात, ऑफिसातही. बांबूचे मोजे घाम शोषतात म्हणतात. घेऊ का? वासही येत नाही म्हणे.

सुताची_गाठ

बांबूचे म्हणून विकतात ते बहुतेक व्हिस्कोस असतं. बांबूच्या लगद्यापासून काढलेला रेयॉनचा धागा. घाम शोषतो हे खरं, सुतापेक्षाही जास्त. पण व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर पडतं आणि लोळागोळा होतं. ऑफिसात बसून राहायला मऊ, छान. चढाला नको.

'घाम शोषतो' हा शब्दच फसवा आहे. नेहमीच्या हवेत सूत सुमारे ८ टक्के ओलावा धरतं, लोकर १६ च्या आसपास, नायलॉन ४, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. फक्त शोषण बघितलं तर पॉलिएस्टर सगळ्यात वाईट ठरायला हवं, पण खेळाडूंचे मोजे त्याचेच असतात. कारण ते पाणी पोटात न घेता विणीतून बाहेरच्या अंगाला ढकलतं. अट एकच, बाहेर उडून जायला वाट हवी. जाळीच्या बुटात पॉलिएस्टर उत्तम चालतं. पडद्याच्या बुटात, बाहेर धो धो पाऊस असताना, ढकलणार कुठे? तिथे मला लोकर-नायलॉन मिश्रण जास्त पटतं.

वासाचं म्हणाल तर लोकर दोन दिवस घालूनही सुसह्य राहते, पॉलिएस्टर पहिल्याच संध्याकाळी तंबूबाहेर जातं. पण तुमचा घाम बारमाही असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, मोजे बदलून तो थांबणार नाही.

भुदरगडचा_भावा

लोकरच पायजे तर नऊशे कशाला? पट्टणकोडोलीच्या बाजारात घोंगड्याची लोकर मिळंल. आजीकडनं विणून घ्यायचं.

सुताची_गाठ

भावा, घोंगडं अंगावर पाऊस झेलायला एक नंबर. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ असते. मेरिनोचा धागा तिच्यापेक्षा कितीतरी बारीक, म्हणून टोचत नाही. घोंगड्याच्या लोकरीचा मोजा दोन तासांत तळव्याला खाज आणेल, तीच ओली कातडी मग सोलेल. आणि निव्वळ लोकरीचा मोजा टाचेला लवकर विरतो. म्हणूनच लेबलवर ३५ टक्के नायलॉन आहे. ती फसवणूक नव्हे, ताकद आहे.

फसवणूक वेगळीकडे होते. 'वूलन' म्हणून अॅक्रिलिक देतात. मोज्याच्या आतल्या बाजूचा एक सुटा धागा काढा, चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. अॅक्रिलिक, नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतात. सूत कागदासारखं भुरुभुरु जळतं. मिश्र धाग्यात वासही येईल आणि छोटा मणीही होईल, ते ठीक. नुसता मणी झाला तर मोजा परत करा.

रंकाळाकाठ

आज पुन्हा जोतिबा. मोजे तेच, पण पाय बदलले. सुती उजव्यात, मेरिनो डाव्यात. म्हटलं पायाचा दोष आहे का बघू.

उजव्या टाचेला सुती असूनही फिकट लाली, चुरचुर नाही. डाव्या टाचेला मेरिनो असून हलका डाग, गेल्या वेळच्या निम्मा. आता काय अर्थ लावायचा?

मसाईची_वाट

अर्थ असा की डावी टाच बुटात उचलते आहे. मेरिनोनं नुकसान निम्म्यावर आणलं, कारण मिटवलं नाही. दोन्ही पाय तंतोतंत सारखे नसतात, डावा थोडा अरुंद किंवा आखूड असेल. हे मोज्याचं काम नाही, नाडीचं आहे.

डाव्या बुटाची नाडी अशी बांधा. चवड्यापर्यंत नेहमीसारखी, फार आवळू नका. पाय वाकतो त्या खाचेत आलात की दोन्ही टोकं एकमेकांत एकदा नाही, दोनदा गुंडाळा आणि टाच मागे ठोकून आवळा. हा पीळ सुटत नाही, त्यामुळे खालचा भाग सैल आणि वरचा घट्ट राहतो. मग वरच्या हुकांत नाडी खालून वर न घेता वरून खाली घ्या. बांधून झाल्यावर जिन्याच्या पायरीवर चवडा टेकून टाच अधांतरी ठेवा आणि वर उचला. टाच बुटाबरोबर उचलली पाहिजे, बुटातून नव्हे.

तरीही पन्हाळ्यावर सकाळी, पाय कोरडे असताना, डाव्या टाचेला औषधाच्या दुकानातली कागदी सर्जिकल टेप लावून घ्या. एकच पट्टी, कडा गोल कापलेल्या, चुणी न पाडता. ओल्या कातडीवर ती बसत नाही, म्हणून वाटेत लावू म्हणू नका.

अंबाबाईचा_भक्त७१

टेपपेक्षा व्हॅसलीन. जुनी माणसं तेल लावायची.

मसाईची_वाट

लावा, पण पुन्हा पुन्हा लावावं लागतं. सुरुवातीला पाय सरकतो, तासा-दोन तासांनी व्हॅसलीन मोज्यात जिरतं आणि कातडी मऊ पडून उलट जास्त धरते. आणि त्यावर टेप चिकटत नाही. एका जागी दोन्ही नको.

गारगोटीची_उषा

काकांच्या बाजूनं एक. बोटांच्या बेचक्यांत टेप लावता येत नाही, तिथे व्हॅसलीनच बरं. दिवसभर ओलं राहून चिखल्या होतात त्याच जागी.

मसाईची_वाट

उषाताई, मान्य. बेचक्यांत आणि फक्त बेचक्यांत.

रंकाळाकाठ

मोजे किती जोड न्यायचे? दर दोन तासांनी बदलायचे असं एका ठिकाणी वाचलं.

मसाईची_वाट

तीन जोड. वाटून कसे वापरायचे ते नीट ऐका, कारण बहुतेकांची चूक इथेच होते.

पाऊस चालू असताना ओल्या बुटात कोरडा मोजा घालणं म्हणजे तो वाया घालवणं, पंधरा मिनिटांत तोही ओला. त्यापेक्षा दर दीड-दोन तासांनी थांबा, बूट काढून पाणी ओता, इनसोल दाबून काढा, मोजा काढून पिळा. लोकरीचा मोजा कपड्यासारखा मुरगळू नका, मुठीत दाबा. रेती असेल तर ओढ्यात आतून उलटा करून खळबळून घ्या. पाय पुसा, पाच मिनिटं उघडे ठेवा आणि तोच मोजा घाला. पाऊस उघडला असेल आणि ओल फक्त घामाची असेल तेव्हा दुपारी दुसरी जोडी काढा, तेव्हा तिचा उपयोग होतो.

तिसरी जोडी करपेवाडीच्या मुक्कामाची. प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळलेली, दिवसा हात लावायचा नाही. दिवसभर भिजून तळवा पांढरा पडतो, सुरकुततो, तशी कातडी अगदी कच्ची असते. तिला रात्रभर कोरडं राहायला मिळालं तर सकाळी ती पुन्हा चालण्याजोगी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडी जोडी काढून कालची ओलीच घालायची. जिवावर येतं. दहा मिनिटांत अंगच्या उष्णतेनं गरम होते.

भुदरगडचा_भावा

चुलीवर वाळवायचं की मोजं. गावात चूल असत्या.

सुताची_गाठ

चुलीपासून हातभर लांब, वरच्या दांडीवर. जवळ धरलं तर नायलॉन-इलास्टेन आखडतं आणि तोंड सैल पडतं, मग मोजा घसरून पुन्हा त्याच चुण्या. बूट तर चुलीजवळ नकोच, तळ सुटतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला. घरी आल्यावर मोजे आतून उलटे करून गार पाण्यात धुवा. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि मोजा पाणी आतही घेत नाही, बाहेरही सोडत नाही.

निळा_छत्री

फोड आलाच तर फोडायचा की नाही? यावर घराघरात भांडणं आहेत.

मसाईची_वाट

चुरचुर लागली त्याच क्षणी थांबलात तर ही वेळ येत नाही. 'पुढच्या वाडीत बघू' म्हटलं की येते. आलाच आणि छोटा असेल तर फोडू नका, भोवती टेपची चकती करून त्यावर दाब येणार नाही असं करा. मोठा, टम्म, पाऊल टाकू न देणारा असेल तर जागा साबण-पाण्यानं धुवा, स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला खाली भोक पाडून पाणी काढा. वरची कातडी ओढून काढू नका. मलम, जाळी, टेप. वाटेत शेणामातीचं पाणी असतं, उघडी जखम त्यात बुडवू नका. मधुमेह असेल त्यानं सुईच्या भानगडीत पडू नये.

गारगोटीची_उषा

जाळीचे बूट की पडद्याचे, यावर मी मसाईशी सहमत नाही. रात्री मुक्कामाला पाऊस थांबून गारवा आला की जाळीच्या बुटात पाय गारठतात, आणि काट्याकुट्यात जाळी फाटते. गेटर नीट बांधला तर पडद्याचा बूट दुपारपर्यंत कोरडा राहतो.

मसाईची_वाट

दुपारपर्यंत, हो. दुपारनंतर काय करायचं यावर आपलं जमणार नाही ताई.

रंकाळाकाठ

आज जिन्यावर नाडीचा तो पीळ करून पाहिला. डावी टाच उचलत नाही. आतला पातळ नायलॉनचा मोजा घालून पाहिला तर मात्र उजवी करंगळी दाबते, म्हणून तो रद्द. एकच मेरिनो, डाव्या टाचेला टेप, पँट बाहेर, गेटर एका मित्राकडून. गुरुवारी पाऊस असला तर पन्हाळ्याच्या पायथ्याला ओल्यात चार तास चालून पुन्हा तोलतो.

सुताची_गाठ

तोलाच. पण या वेळी इनसोलही तोला, दोन्ही पायांचे वेगवेगळे.